कार्डावरचे ३८ शब्द

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे, इंदूरला, हिंदी माध्यम. घरी आम्ही मराठी बोलतो. दिवाळीआधी शाळेने कार्डावर लिहून दिलं, ‘वाचन: ३८ शब्द प्रति मिनिट’. नेटवर दुसरीला १०० शब्द हवेत असं दिसतंय, आणि पुण्यात माझ्या भाच्याला मराठीत ३२ आले तर त्याच्या बाई म्हणाल्या छान आहे. आमच्या मुलीचं काही चुकतंय का?

उत्तर:

तीन आकडे तीन भाषांचे आहेत, त्यांना एका ओळीत उभं करू नका. एवढ्याने तुमची अर्धी काळजी मिटावी. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं खोलात जावं लागेल.

मी इंदूरचीच. बरीच वर्षं प्राथमिक वर्गांना हिंदी शिकवलं, आणि मुलांची ही एका मिनिटाची चाचणी शेकडो वेळा घेतली. तुमच्या मुलीच्या वयाची माझी नात आहे, सुदामानगरला राहते. घर मराठी, शाळा हिंदी, अगदी तुमच्यासारखंच. मागच्या आठवड्यात तिचं वाचन मोजलं, तेच समोर ठेवते.

चाचणी साधी असते. मुलाने आधी न पाहिलेला, त्याच्या इयत्तेचा उतारा द्यायचा. आपल्या हातात त्याचीच दुसरी प्रत आणि पेन्सिल. मुलाने पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू. चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ मारायची, एक मिनिट झालं की जिथे पोचला तिथे चौकट करायची. पोचलेले शब्द वजा चुका, हा झाला आकडा. उतारा मिनिटाच्या आत संपला तर बरोबर शब्दांना ६० ने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागायचं: ५० सेकंदांत ४५ बरोबर, तर ५४.

खरी गंमत ‘चूक’ कशाला म्हणायचं यात आहे. नातीला पावसाचा एक हिंदी उतारा दिला होता. मिनिटात ती ४७व्या शब्दापर्यंत गेली. माझ्या प्रतीवर नऊ खुणा होत्या. नंतर एकेक खूण तपासली.

‘किसान’ला ती ‘किताब’ म्हणाली. पहिलं अक्षर बघून पुढचा अंदाज मारला, ही चूक. ‘बच्चे’चं ‘बचे’ केलं, जोडाक्षर खाल्लं, चूक. ‘मेंढक’पाशी अडकली. तीन सेकंद थांबून मी शब्द सांगितला. नियम असाच आहे: तीन सेकंद वाट पाहायची, शब्द सांगायचा, पुढे न्यायचं आणि तो शब्द चुकीत धरायचा. एका ठिकाणी ‘भी’ गाळला, तीही चूक. आणि ‘खेत’ला ती चक्क ‘शेत’ म्हणाली! नियमाने ही चूकच, कारण छापलेला शब्द वाचला नाही. पण शिकवणाऱ्या माणसाला ही खूण सोन्यासारखी, कारण पोरगी नुसती अक्षरं जोडत नव्हती, अर्थ तिच्या डोक्यात मराठीत उतरत होता. अशा झाल्या पाच.

उरलेल्या चार खुणा माझ्याच चुका होत्या. ‘ऋतु’ला ती ‘रुतु’ म्हणाली. हिंदीत ‘रितु’ म्हणतात, आपण मराठी माणसं ‘रुतु’. हा घरचा उच्चार आहे, वाचनदोष नाही. तसंच ‘विज्ञान’. मराठी घरातलं मूल ‘विद्न्यान’ म्हणणार, बाई ‘विग्यान’ची वाट बघणार. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा त्यावर रेघ मारत असे, आता आठवलं की ओशाळायला होतं. नातीने ‘वह’ दोनदा ‘वो’ असा वाचला. बोलताना सगळं इंदूर ‘वो’च म्हणतं, तेही बरोबर. आणि ‘बादल’ला आधी ‘बाद’ म्हणून लगेच स्वतःच सुधारलं. तीन सेकंदांच्या आत स्वतः सुधारलेला शब्द बरोबर धरतात. एखादा शब्द दोनदा म्हटला किंवा मधे जादा शब्द घातला, तर त्याचीही चूक धरत नाहीत, कारण त्यात गेलेला वेळ आधीच मोजला गेलेला असतो.

म्हणजे त्याच वाचनाचा कडक हिशोब ४७ वजा ९, बरोबर ३८. नियमाने हिशोब ४७ वजा ५, बरोबर ४२. तुमच्या कार्डावरचे ३८ कोणत्या हाताने मोजलेत, हे आकडा सांगत नाही. शिवाय एकच उतारा घेतला होता का तेही विचारा. नातीला मी तीन उतारे दिले: ४२, ४९, ३६. यातला मधला आकडा धरायचा, ४२. सरासरी नाही, मधला, म्हणजे एखादा फार सोपा किंवा फार अवघड उतारा सगळं ओढून नेत नाही. एकाच मुलाचे दोन दिवसांचे आकडे पाच-सहा शब्दांनी सहज इकडेतिकडे होतात, म्हणून पुढच्या महिन्यात ३८चे ४१ झाले तर लगेच जिलेबी आणू नका, आणि ३५ झाले तर रागावूही नका.

आता ते १००. हा आकडा बहुधा अमेरिकेच्या तक्त्यातला आहे. हॅसब्रुक आणि टिंडल यांचा २०१७चा तक्ता नेटवर सगळीकडे फिरतो. त्यात दुसरीच्या मधल्या मुलाचे, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या मागे आणि निम्मी पुढे त्याचे, वर्षाच्या सुरुवातीला ५०, मध्याला ८४ आणि शेवटी १०० शब्द आहेत. तिथली मुलं, इंग्रजी मजकूर. १०० हा तिथेसुद्धा वर्षअखेरचा आकडा, तुमचा ऑक्टोबरचा. आपल्याकडे २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या मोहिमेने दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरी संपताना निदान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. त्या मापाने दिवाळीआधीचे ३८ वाटेत नीट चालले आहेत.

आणि पुण्याचे ३२? मराठी विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटवते, हिंदी ते सुटे लिहिते. एक वाक्य घ्या. ‘राजू बाजारातून आईसाठी भाजी घेऊन आला’, हे सहा शब्द. ‘राजू बाज़ार से माँ के लिए सब्ज़ी लेकर आया’, हे नऊ. बोटांवर अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरून: मराठीत १८, हिंदीत १७. म्हणजे तोंडाला आणि डोळ्याला काम जवळपास सारखंच. दोन्ही वाक्यं दहा सेकंदांत वाचणारं मूल मराठीत मिनिटाला ३६ शब्दांचं ठरेल आणि हिंदीत ५४ शब्दांचं! यावरून दीडपटीचा पाढा मात्र करू नका, प्रत्येक वाक्यात हे प्रमाण बदलतं. पण भाच्याच्या बाई ३२वर खूश का होत्या, ते कळतं. म्हणूनच २०२२मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची देशभर पाहणी केली तेव्हा भाषेभाषेचे उंबरठे वेगळे ठरवले होते.

माझ्या मते कार्डावर एकटे ३८ लिहिणं हीच चूक. तिथे दोन आकडे हवेत: किती शब्दांपर्यंत पोचली आणि त्यातले किती बरोबर. समजा दोन मुलींचे ३८ आहेत. एक ४० शब्द वाचून दोन चुकली. तिचे शंभरातले ९५ शब्द बरोबर येतात, फक्त हळू येतात. दुसरी ५० शब्द धडाधड वाचून बारा चुकली, म्हणजे जवळजवळ दर चौथा शब्द चूक. पहिलीला तोच उतारा तीन-चारदा मोठ्याने वाचू द्या, वेग आपोआप येतो. दुसरीला पळवलं तर ती आणखी अंदाज मारेल. तिला सोपा मजकूर द्यायचा, आणि कुठे अडते ते शोधायचं: जोडाक्षरं, मात्रा, की शब्दाचा शेवट. नातीचे ४७ पैकी ४२, म्हणजे शंभरात ८९ च्या आसपास. ९०च्या खाली गेलं की मी मजकूर एक पायरी उतरवते. आम्ही सध्या पहिलीच्या गोष्टी वाचतोय, आणि ‘बच्चे, पत्ता, मक्खी, चम्मच’ एवढीच जोडाक्षरं घेतलीत.

घरी मोजणार असाल तर घड्याळ मुलीला दिसू देऊ नका. ‘जितकं छान वाचता येईल तितकं वाच’ एवढंच सांगा. ‘लवकर वाच’ म्हटलं की आकडा वाढतो आणि वाचन बिघडतं. एका शाळेत मुलांना स्टॉपवॉचवर इतकं घोटवलं होतं की एक मुलगा मिनिटाला ७०च्या वर गेला. ‘किसान क्यों खुश हुआ?’ विचारलं तर गप्प. त्या पोराने टपरीवरची पाटी वाचावी तसं वाचलं होतं, गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणून मिनिट झालं की उताऱ्यावर चार-पाच प्रश्न विचारायचे, पण फक्त जिथपर्यंत वाचलं तिथपर्यंतचेच. आपल्यासारख्या घरांत इथे एक घोटाळा होतो. नातीला मी विचारलं, ‘किसान क्यों खुश हुआ?’ ती जराशी थांबली, आणि म्हणाली, ‘शेताला पाणी मिळालं ना, आजी.’ उत्तर हिंदीत नाही म्हणून शाळेत अशा मुलांना शून्य मिळालेलं मी पाहिलंय. समजलं का हे तपासायचं असेल तर मराठी उत्तर पूर्ण बरोबर. हिंदीत बोलता येतं का, हा वेगळा प्रश्न, तो वेगळा तपासा.

पालकसभेला जाल तेव्हा बाईंकडे खुणा केलेली प्रत मागा. किती उतारे घेतले, कुठपर्यंत पोचली, कोणत्या शब्दांवर रेघा आहेत. ‘ऋतु’ किंवा ‘ज्ञ’च्या शब्दांवर रेघ दिसली तर नम्रपणे सांगा की आमच्या घरी असंच म्हणतात. प्रत ठेवलीच नसेल तर घरी तीन उतारे घेऊन स्वतः मोजा, आणि कोणत्या शब्दांवर अडते ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.