मेन स्विच पाडला तरी गच्चीवरच्या डीसी वायरी मेलेल्या नसतात

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरात आमच्या बंगल्याच्या गच्चीवर ५४० वॅटची १० सोलर पॅनेलं आहेत. पुसताना एका पॅनेलखालचा वायरी जोडणारा एमसी४ कनेक्टर वितळून काळा पडलेला दिसला. मेन स्विच पाडून मी स्वतः बदलू शकतो का? आणि गरज पडली की गच्चीवरच्या वायरींचं व्होल्टेज उतरवणारं रॅपिड शटडाऊन बसवून घ्यावं का?

उत्तर:

मेन पाडून नाही. मेन पाडला की इन्व्हर्टर वीज देणं थांबवतो, एवढंच. महावितरणची वीज गेल्यावरही तेच होतं. पॅनेलपासून इन्व्हर्टरच्या डीसी स्विचपर्यंत उतरलेल्या दोन्ही वायरींवर मात्र उजेड असेपर्यंत पूर्ण व्होल्टेज उभं असतं. तुमची १० पॅनेलं एकाच माळेत असतील तर प्रत्येकी साधारण ४९ धरून ४९० व्होल्ट झाले. डिसेंबरच्या थंड सकाळी त्यात आणखी वीस-पंचवीसची भर पडते, कारण पॅनेल गार असलं की व्होल्टेज वाढतं. ढगाळ हवेवरही विसंबू नका. ढगाने करंट घटतो, व्होल्टेज फारसं उतरत नाही.

आता कनेक्टर का वितळला ते बघा, म्हणजे पुढचं सगळं पटेल. भर उन्हात माळेतून साधारण १३ अँपिअर वाहतात. क्रिम्प, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवलेली पिन, सैल असेल, पाणी शिरून आतला धातू काळवंडला असेल किंवा एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली असेल, तर जोडाचा रेझिस्टन्स वाढतो. तो ०.१ ओहम जरी झाला तरी १३ × १३ × ०.१, म्हणजे सुमारे १७ वॅटची उष्णता अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये तासन् तास कोंडते. त्याच वेळी व्होल्टेज घटतं जेमतेम १.३, त्यामुळे मोबाईल ॲपवरच्या युनिटमध्ये काहीच कळत नाही. एमसीबीही पडत नाही. पॅनेल शॉर्ट केलं तरी करंट १३ चा १४ होतो, मग एमसीबीने कशावरून ओळखायचं? जोड पुढे तुटायला लागला की फटीत आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटतो. घरातल्या एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझायला वाव असतो. डीसीला ती सवलत नाही. आर्क पेटलेलाच राहतो आणि खालचा पालापाचोळा किंवा पॅनेलची मागची शीट पकडतो.

म्हणून आज एवढं करा. आधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी पाडा, म्हणजे इन्व्हर्टर करंट ओढायचा थांबेल. मग इन्व्हर्टरखालचा डीसी स्विच बंद करा, त्यानंतर डीसी बॉक्समधला एमसीबी. हा क्रम उलटा केलात तर डीसी स्विचला पूर्ण लोड तोडावा लागतो. बॉक्समध्ये चुकून साधा एसी एमसीबी बसवलेला असेल, किंवा प्लस-मायनसच्या खुणा असलेला डीसी एमसीबी उलटा जोडला असेल, तर लोडवर तोडताना तो स्वतःच जळू शकतो. दोन्ही डब्यांवर ‘काम चालू आहे, स्विच टाकू नये’ अशी चिठ्ठी लावा. घरातलं कोणीतरी ‘सोलर बंद कसं?’ म्हणून चढवतंच. करंट थांबला की तो जोड आणखी तापणार नाही, त्यामुळे घाईने त्याला हात लावायची गरज उरत नाही.

तुमचं काम इथे संपतं असं माझं मत आहे. पुढचं सोलरचं काम येणाऱ्या लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण तो काय करतो ते बघा.

पहिली गोष्ट, तो डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणतो का. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो आणि डीसी वायरवर बिनधास्त शून्य दाखवतो. डीसी क्लॅम्प आधी शून्यावर आणून प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर लावायचा. स्विच बंद असूनही करंट दिसला तर कुठेतरी वायर सोलून दोन ठिकाणी फ्रेमला टेकलेली आहे. तेव्हा फ्रेमलाही हात लावायचा नाही आणि दिवसा एकही कनेक्टर उघडायचा नाही. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर आधीपासून ISO किंवा इन्सुलेशनचा फॉल्ट येत असेल तर ही शंका धरूनच चालायचं.

दुसरी, वितळलेला जोड ओढून उघडायचा नाही. समजा तो चौथ्या आणि पाचव्या पॅनेलमध्ये आहे. करंट शून्य असल्याची खात्री झाल्यावर, शक्यतो सूर्य मावळल्यावर, १००० व्होल्टचे हातमोजे घालून ३-४ आणि ५-६ मधले चांगले जोड उघडायचे. आता खराब जोडाच्या दोन्ही बाजूंना मिळून दोनच पॅनेलं राहिली, म्हणजे दिवसा उजाडलं तरी शंभर व्होल्टच्या आसपास. उघडी टोकं टोपी लावून झाकायची. मग खराब जोडाच्या अलीकडची वायर कापायची, नंतर पलीकडची. एकाच पॅनेलच्या प्लस आणि मायनस वायरी एकाच वेळी कटरच्या तोंडात धरल्या तर शॉर्ट होतो. नवा नर आणि नवी मादी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची हवी. ४ चौ. मिमी वायरला त्याच मापाच्या डायने क्रिम्प हवं, पक्कडीने दाबलेलं चालत नाही. पॅनेलची मूळ वायर कापण्याआधी वॉरंटीबद्दल कंपनीला विचारून घ्या. बाकीचे जोडही त्याच हाताने झालेले असणार, तेव्हा तेही तपासून घ्या.

मल्टिमीटरने व्होल्टेज नाही हे बघतानाही आधी चालू जागी, मग कामाच्या जागी आणि पुन्हा चालू जागी मोजायचं, नाहीतर मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. मीटरची वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली असेल तर मोजायला लावताक्षणी शॉर्ट होतो.

रॅपिड शटडाऊनचं थोडक्यात. प्रत्येक पॅनेलखाली एक डबी बसते, इन्व्हर्टरपाशी ट्रान्समीटर. ट्रान्समीटरचा सिग्नल थांबला की डब्या आपापलं पॅनेल माळेतून तोडतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेत ३० सेकंदांत पॅनेलांच्या भागाबाहेरच्या वायरींवर ३० व्होल्ट आणि आत ८० व्होल्टच्या आत येण्याची अट आहे, ती मुख्यतः छतावर चढणाऱ्या फायरमनसाठी. तुमचा जोड मात्र याने वितळायचा थांबला नसता. उलट हिशोब बघा: आज तुमच्या माळेत ११ जोड आहेत, १० डब्या लावल्या की ३१ होतात. क्रिम्पिंग असंच राहिलं तर धोक्याच्या जागा जवळपास तिप्पट. शिवाय एखादी डबी आतून शॉर्ट होऊन बंदच न होण्याचीही शक्यता असते, म्हणून डबी असली तरी मोजल्याशिवाय वायर धरायची नाही. नवीन सिस्टिम घेत असतात तर पॅनेलखालीच बसणारा छोटा मायक्रोइन्व्हर्टर सुचवला असता, त्यात लांब डीसी वायर उरतच नाही. गच्चीवर जादा डीसी स्विच लावायचा सल्ला कोणी दिला तर थांबा. ऑस्ट्रेलियात तो सक्तीचा होता; पाणी शिरून ते स्विचच पेटू लागले आणि २०२१ च्या मानकात सक्ती काढली. आपल्या पावसात वेगळं काय होणार?

तुमच्या घरी मी आधी सगळे जोड दुरुस्त करून घेईन आणि वायरी रेलला नीट बांधून स्लॅबवरून उचलून घेईन. मीटरच्या पेटीवर एक कागद चिकटवा: गच्चीवर सोलर, दिवसा डीसी ५०० व्होल्ट, वायर कोणत्या भिंतीने उतरते, स्विच कुठे. इन्व्हर्टरपाशी आग लागली तर कोरड्या पावडरचं किंवा सीओटूचं सिलिंडर. गच्चीवर पॅनेलं पेटली तर बादलीने पाणी मारायला जाऊ नका, सगळ्यांना खाली आणून १०१ ला फोन करा आणि पहिलं वाक्य ‘छतावर सोलर आहे’ हे सांगा.