प्लाय घ्या, प्रॉप मात्र दिवस मोजून

"मी छोटी बांधकामं घेतो. स्लॅब बहुतेक भिंतींवरच टेकलेले, आतून 4 बाय 5 मीटर, जाडी 125 मिलिमीटर. महिन्याला दोन, वर्षातले आठ महिने. हिशेब केला: 20 चौरस मीटरला 8 बाय 4 फुटी प्लायच्या 7 शीट आणि खालून टेकू द्यायला 1.2 मीटरवर एक याप्रमाणे 14 प्रॉप. आजवर सगळं भाड्यानं आणलं. मुदत ठेव मोडून विकत घेऊ का?"

ठेवीला हात लावण्याआधी तुमचा 14 चा आकडा दुरुस्त करू, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. तुम्ही 20 ला 1.44 नं भागलंत. पण प्रॉप रांगेत उभे राहतात आणि कडेलाही लागतात. 4 मीटरच्या दिशेनं दोन्ही भिंतींपासून 20 सेंटिमीटर सोडले तर 3.6 मीटर उरतात. त्यात 1.2 चे तीन गाळे, म्हणजे चार रांगा. 5 मीटरच्या दिशेनं तेवढंच सोडून 4.6 मीटर, त्यात 1.15 चे चार गाळे, म्हणजे रांगेत पाच प्रॉप. एकूण 20. सहा प्रॉप कमी घेऊन काम रेटलं, तर रांगा विरळ होऊन प्लाय आणि खालचे बॅटन झोळ खातात. तो झोळ सेंटरिंग काढल्यावर छताला कायमचा दिसतो, आणि हे नशीब चांगलं असेल तर.

वजनाचा अंदाज ठेवा. ओल्या काँक्रीटचं प्रत्येक चौरस मीटरला सव्वातीनशे किलो, माणसं आणि काँक्रीटचे ढीग यांचे दोनशे, सेंटरिंगचे पन्नास. मधल्या प्रॉपवर साधारण आठशे किलो येतात. तो हे पेलेल की नाही, ते तो किती उघडलाय यावर ठरतं. लांबी वाढली की न वाकता भार पेलण्याची ताकद झपाट्यानं घटते, म्हणून विकत घेताना तुमच्या उंचीचा भार उत्पादकाच्या तक्त्यात बघा.

प्लायचा 7 हा आकडा मात्र बरोबर आहे, पण भागाकारामुळे नव्हे. सहा अख्ख्या शीट 4.88 बाय 3.66 मीटर झाकतात. एका बाजूला 34 आणि दुसऱ्या बाजूला 12 सेंटिमीटरची पट्टी उरते, ती सातव्या शीटमधून निघते. म्हणजे सातवी शीट पहिल्याच दिवशी तुकडे होते, आणि पुढची खोली दुसऱ्या मापाची निघाली की ते तुकडे निरुपयोगी. एक शीट जास्तीची धरा.

आता खरा प्रश्न: सामान किती दिवस अडकतं? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे प्रॉप 4.5 मीटरपर्यंतच्या स्पॅनला, म्हणजे आधारांमधल्या अंतराला, 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14 दिवस ठेवायचे. हे किमान आहे. राखमिश्रित सिमेंट किंवा थंडी असेल तर जास्त. तुमचा लहान स्पॅन 4 मीटर, म्हणून 7. सेंटरिंग आणि सळई बांधायला पाच-सहा दिवस, काढायला एक. एक फेरी दोन आठवड्यांची होते आणि 20 प्रॉपमध्ये महिन्याचे दोन स्लॅब जेमतेम बसतात. उद्या 5 बाय 5 मीटरची खोली आली, तर एका स्लॅबला 25 प्रॉप, फेरी तीन आठवड्यांची होईल आणि दोन स्लॅबना 50 प्रॉप लागतील. क्षेत्रफळ सव्वापट, प्रॉप मात्र अडीचपट!

मग पैसे. प्रॉपची किंमत 100 धरा आणि महिन्याचं भाडं 5. तुमचा खरा दर यात घाला. 20 प्रॉपला 2000 गुंतले, आठ महिन्यांत 800 भाडं वाचलं. ठेवीवर 7 टक्के मिळत असतील तर 140 व्याज बुडालं. वर्षाला खरी बचत 660, म्हणजे भांडवल सुटायला तीन वर्षं. पुढे अर्ध्या किमतीला विकले जातील असं धरलं, तर दीड वर्षात जमतं. चोरी आणि ठेवायची जागा यात नाही.

प्लायचं गणित वेगळं. ती झिजणारी वस्तू आहे: कडा रंगवून, तेल लावून, न आपटता वापरली तर दहा-पंधरा वेळा चालते. तिची किंमत तेवढ्या स्लॅबमध्ये वाटा आणि एका स्लॅबच्या भाड्याशी ताडून पाहा. महिन्याला दोन स्लॅब असतील तर ती पाच-सात महिन्यांत वसूल व्हायला हवी. तसं दिसलं तर ती आधी घ्या, ठेव न मोडता, चालू कमाईतून.

प्रॉपसाठी माझं उत्तर: पुढच्या दीड वर्षाची कामं कागदावर असतील तर 20 घ्या, त्यापेक्षा एकही जास्त नाही. मोठ्या स्पॅनचं काम आलं की वरचे 30 भाड्यानं आणा. कामं तोंडीच ठरलेली असतील तर भाडंच बरं. आणि वापरलेला माल स्वस्त मिळतोय म्हणून घेणार असाल, तर प्रत्येक प्रॉपची उंची धरून ठेवणारी पिन काढून हातात घ्या. माझ्या एका ग्राहकाला मिळालेल्या लॉटमध्ये निम्म्या प्रॉपना पिनेऐवजी सळईचे तुकडे होते. मूळ पिना आणायला आणि गंजलेले आटे मोकळे करायला त्याची बचत गेली, शिवाय वाकलेले चार प्रॉप भंगारात.