दुसरा ब्रेक कुणाच्या पायाशी?

"मॅडम, घोडबंदर रोडला आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका येतात, फी विचारतात, 'घरी विचारून सांगते' म्हणतात आणि परत येत नाहीत. म्हणून बोर्डवर 'घाबरू नका, आम्ही आहोत ना!' लिहून घेतलं. काही फरक पडला नाही. भीती जाईल असं काय लिहू?"

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाई आठवल्या. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय 46, ठाण्यातच नोकरी, घरात दोन वर्षांपासून गाडी उभी. एका स्कूलमध्ये त्या पंधरा दिवस शिकल्या होत्या. मग एके दिवशी कोपरी पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा भडिमार झाला आणि त्यांनी क्लास सोडला.

पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "जो तो सांगतो, घाबरू नको. म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहेच ना?" तुमच्या बोर्डची अडचण इथेच आहे. "घाबरू नका" वाचताना मनात आधी "घाबरू" उमटतं, आणि शिवाय आपली भीती रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतेय असं वाटतं.

मी त्यांना चढावरचा प्रसंग क्षणाक्षणाने सांगायला लावला. गाडी बंद पडली. मग? मागे घरंगळली. मग? सरांनी थांबवली असावी. "असावी म्हणजे?" तेव्हा त्या थबकल्या. पंधरा दिवसांत गाडी कितीदा आपण थांबवली आणि कितीदा सरांनी, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे कुणी कधी नीट दाखवलं नव्हतं. चांगलं जमलं तरी "सरांनीच केलं असेल" आणि चुकलं तर "मीच चुकले". पंधरा दिवसांच्या सरावातून भरवसा तयार व्हावा तरी कसा?

म्हणून दुसऱ्या स्कूलमध्ये जाताना त्यांना एकच विनंती करायला सांगितली. पहिल्या दिवशी उभ्या गाडीत दुसरा ब्रेक दाखवा, आणि चालत्या गाडीत तो दाबलात की लगेच "दाबला" म्हणा. तिथल्या सरांनी इंजिन बंद ठेवून स्वतःचा ब्रेक दाबला, तर बाईंच्या बाजूचा पेडल त्यांचा पाय न लागताही खाली गेला. बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे सरांनी दाबलेलं शिकणारीला पायाखाली कळू शकतं. ते ओळखायला शिकवावं लागतं, इतकंच. हाफ क्लच धरून चढावर गाडी उचलायचा सराव त्यांनी कोलशेतच्या एका आतल्या, कमी वर्दळीच्या रस्त्यावर केला. त्या दिवशी सर तीनदा "दाबला" म्हणाले, पुढच्या खेपेला एकदा.

ताई, तुमची ओळ मला इथे सापडते:

"एक ब्रेक तुमच्या पायाशी, दुसरा आमच्या."

यात भीतीचं नावही नाही. बाईच्या मनातला खरा प्रश्न असतो, "माझ्या हातून चुकलं तर गाडी कोण थांबवेल?" त्याचं उत्तर या ओळीत आहे, आणि ते खरंही आहे, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीला दुहेरी नियंत्रण असावंच लागतं. "आम्ही आहोत ना" हे कुणीही म्हणू शकतं. पेडल मात्र दाखवता येतो.

"15 दिवसांत एक्स्पर्ट" असं काही जोडू नका. सोळाव्या दिवशी न जमलेल्या बाईला तो नापासाचा शिक्का वाटतो. तशीही लर्निंग लायसन्सनंतर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, मग ही घाई कशासाठी? "आता बायकाही चालवतील" हेही नको. त्यातला "ही" फार टोचतो.

पण ही ओळ सगळ्यांना पुरणार नाही. अपघातातून गेलेली, स्टिअरिंगला हात लावताच छाती धडधडून श्वास कोंडणारी बाई आली तर तिला आधी समुपदेशकाकडे पाठवा.

आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी तुमच्या सरांना गाडीत बसवून विचारा की ब्रेक दाबल्यावर ते तसं बोलून दाखवतील का. काही जण म्हणतात, "सांगितलं तर बाई अजून घाबरते." माझा अनुभव उलट आहे. त्या बाई पुन्हा कोपरी पुलावर गेल्या, तेव्हा ट्रॅफिकमध्ये चढावरच थांबावं लागलं. हॅण्डब्रेक, पहिला गिअर, हाफ क्लच, आणि गाडी पुढे सरकली. त्यांनी विचारलं, "सर, दाबला होतात?" सरांनी दोन्ही पाय मागे ओढून दाखवले.