सहाशे वस्तूंची वर्णनं एकसारखी करताना वजन-प्रत चुकू नये म्हणून काय करावं?

«म्हापशात आमचं काजू, कोकम, मसाल्यांचं दुकान आहे. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये सहाशेच्या आसपास वर्णनं आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी. माहिती न बिघडता ती एकसारखी कशी करू?»

जुनी वर्णनं दुरुस्त करत बसू नका. त्यांतली माहिती वेगळी काढा आणि वर्णन सूत्राने नव्याने जुळवा. गूगल शीट्समध्ये A रकान्यात जुनं वर्णन जसंच्या तसं ठेवा. B मध्ये नाव, C मध्ये प्रत, D मध्ये ग्रॅममधलं वजन, फक्त आकडा. मग E मध्ये:

```
=TEXTJOIN(" ",TRUE,B2&".",IF(C2="","","प्रत: "&C2&"."),IF(D2="","","निव्वळ वजन: "&D2&" ग्रॅम."))
```

C रिकामा असला तर ते वाक्यच गळतं, अर्धवट 'प्रत:' उरत नाही. साच्यात 'प्रत: W240' अशी मांडणी मुद्दाम ठेवली आहे. 'काजूची', 'कोकमाचं', 'मसाल्याचा' असे प्रत्यय साच्यात घातले, की लिंग आणि सामान्यरूप दर ओळीला बदलतं आणि साचा मोडतो.

खरं काम C रकान्याचं आहे. समजा, जुन्या वर्णनात लिहिलंय, 'खास मोठे काजूगर, 250 ग्रॅम'. 'मोठे' वाचून W240 भरण्याचा मोह होतो, पण तो आवरा. W240 म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 अख्खे गर. W320 मध्ये 300 ते 320, म्हणजे गर लहान. दुकानदार दोन्हींना 'मोठे' म्हणू शकतो. पाकिटावरची प्रत बघा, आणि ती मिळत नसेल तर C रिकामाच ठेवा. गिऱ्हाईक त्या अक्षरांवर भाव ठरवतं, तिथे अंदाज नको.

वजनाची पडताळणी F मध्ये अशी करा:

```
=REGEXMATCH(A2,"\b"&D2&"\b")
```

दोन्ही बाजूंच्या `\b` मुळे D मधलं 25 जुन्या वर्णनातल्या 250 मध्ये सापडत नाही. FALSE आलं म्हणजे चूक झालीच असं नाही. जुन्या वर्णनात '1 किलो' किंवा '२५०' असेल, तरीही FALSE येतं. त्या ओळी डोळ्यांनी बघायच्या, एवढंच. उलट किंमतही 250 असली तर TRUE फसवं निघू शकतं, म्हणून TRUE आलेल्यांपैकी काही ओळीही पाकिटाशी ताडून बघा.

पन्नासेक ओळींचा गट घ्या, तोही एकाच प्रकारचा: आधी सगळे काजू, मग सोलं, मग मसाले. एकाच प्रकारच्या ओळी एकाखाली एक आल्या की वेगळा आकडा लगेच खुपतो. गट तपासून झाला की E मधला मजकूर 'फक्त मूल्ये' म्हणून G मध्ये चिकटवा आणि तोच साइटवर चढवा, म्हणजे पुढे साचा बदललात तरी तपासलेली वर्णनं हलणार नाहीत. फाइल CSV करून एक्सेलमध्ये उघडणार असाल, तर थेट डबल-क्लिक करू नका. डेटा मेनूतून आयात करून UTF-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात.