जुन्या घराच्या उंचसखल भिंतींना रंगाआधी वॉल पुट्टी करावी की पीओपी?

*पेंटर म्हणतो पुट्टीचे दोन हात पुरे. नातेवाईक म्हणतात पीओपीशिवाय भिंत सरळ दिसणारच नाही. स्वस्त काय पडेल?*

पेंटरचं पूर्ण ऐकू नका आणि नातेवाइकांचं तर मुळीच ऐकू नका. का, ते खाली येईलच.

आधी गवंड्याकडून सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी मागून घ्या. ती भिंतीवर आडवी, उभी, तिरपी टेकवून खाली किती फट राहते ते बघा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर पुट्टीत भागतं. खड्डे आधी वेगळे भरायचे आणि मग दोन हात मारायचे. फट त्याहून जास्त असेल तर ते पुट्टीचं काम नव्हे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून जेमतेम दीड मिलिमीटर जाडीसाठी बनवलेली असते. जाड थापली की वाळताना आकसते, केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे पापुद्रा सुटतो.

हिशेबानेही ते परवडत नाही. बारा बाय दहाची एक भिंत धरा. नीट गिलावा असलेल्या अशा भिंतीला दोन हातांत दहा-पंधरा किलो पुट्टी जाते. तीच भिंत सरासरी पाच मिलिमीटर भरून काढायची म्हटली तर सत्तर किलोच्या आसपास माल लागेल. म्हणजे एका भिंतीला चाळीस किलोच्या जवळजवळ दोन गोण्या, आणि एवढं करून भेगा पडायच्या त्या पडणारच. तेवढाच खड्डा पीओपीने भरला तर साधारण पंचावन्न-साठ किलोत काम होतं आणि भेगा पडत नाहीत, कारण पीओपी बसताना आकसत नाही, किंचित फुगतो. सरळ धारेची, काचेसारखी भिंत पीओपीनेच मिळते, हे मीही मान्य करतो. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे.

माझी सासुरवाडी दापोलीकडची. घर चिऱ्याचं, त्यावर सिमेंटचा गिलावा, तोही जुन्या काळी गवंड्याने नजरेच्या अंदाजाने केलेला. मेहुण्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी घर रंगवायला काढलं. माझे साडू पुण्यात असतात, त्यांच्या फ्लॅटला पीओपी पनिंग आहे आणि त्यांना तिचा फार अभिमान आहे. त्यांनी बैठकीतच जाहीर केलं, "अहो, पुट्टी म्हणजे गरिबाचा मेकअप. करायचं तर पीओपीच, आणि सगळ्या भिंतींना." मी म्हटलं, पश्चिमेच्या भिंतीला नको, ती पावसाची भिंत आहे. पण लग्न तोंडावर आलं होतं. सिमेंटचा थर दिला की पाणी मारायचं, मग वाळू द्यायचं, त्यात दिवस जातात. पीओपी मात्र दहा-वीस मिनिटांत बसतो आणि पाणीही मारावं लागत नाही. सासऱ्यांना तारखेची चिंता. साडूंचं चाललं.

कारागीर साडूंनीच आणला. हात चांगला होता, भिंत खरंच सुरेख झाली. पण त्याची दोन कामं मला तेव्हाच खटकली. घमेल्यात माल बसायला लागला की तो वर पाणी ओतून पुन्हा कालवायचा. एकदा बसायला लागलेला पीओपी पाणी घालून मऊ होतो, पण मग त्याला ताकद राहत नाही. दुसरं म्हणजे मजबुतीसाठी म्हणून तो पीओपीत मूठ-मूठ पांढरं सिमेंट टाकायचा. कोरड्या भिंतीत हे एखादवेळ खपून जातं. ओलीत मात्र जिप्सममधलं सल्फेट आणि सिमेंट यांची गाठ पडते, त्यातून फुगणारे क्षार तयार होतात आणि थर आतून सुटतो. मी तिथेच बोललो. साडू म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात, तो रोज हेच करतो."

लग्न झालं. फोटोत भिंती फार छान आल्या आहेत.

मग पाऊस लागला. कोकणातला पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर वाऱ्यासकट आडवा येतो, आणि चिरा छिद्राळ, पाणी पिणारा दगड. बाहेरच्या गिलाव्याला खिडकीच्या कोपऱ्यांतून तडे होतेच. गणपतीला आम्ही पोचलो तेव्हा आतल्या बाजूला रंगाला फुगे आले होते आणि खाली काळी बुरशी धरली होती. बोटाच्या पेराने ठोकलं की बद्द आवाज यायचा. रंगाचा फुगा फोडून आत नख दाबलं तर खडूसारखं रुतलं. बसलेला पीओपी म्हणजे शेवटी जिप्समच, आणि जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं. एकदा भिजून वाळला तर फारसं बिघडत नाही. चार महिने ओला राहिला की तो मऊ पडतो आणि रंगाला धरून ठेवत नाही. गंमत म्हणजे मधल्या खोलीची आतली भिंत, जिला बाहेरचं पाणी लागतच नाही, ती त्याच कारागिराची, त्याच मालाची, आणि अजूनही ठणठणीत आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ती पश्चिमेची भिंत सासऱ्यांनी माझ्याकडे सोपवली. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "जावयानू, आधी बाहेरून बंद करा, मग आतलं बघू." तसंच केलं. बाहेरचे तडे खरवडून भरले, बाहेरून पाणी अडवणारा रंग दिला. मग आतला पीओपी सगळा, अगदी सगळा, सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत खरवडून काढला. इथे आळस करू नका. पीओपीचे तुकडे राहिले आणि वर सिमेंटचा माल आला तर वर सांगितलेलाच सल्फेटचा खेळ पुन्हा सुरू होतो.

पट्टी लावली तर मध्ये खोलगट भागात फट बारा मिलिमीटरपर्यंत होती. तिथे जुन्या गिलाव्यावर टाचे मारले, भिंत भिजवली, सिमेंटची पातळ खीर फासली आणि बारीक चाळलेल्या वाळूचा एकास चार माल लावून पट्टीने ओढून घेतला. आठवडाभर पाणी मारलं, मग चांगलं वाळू दिलं. त्यानंतर पुट्टी. पुट्टी लावण्याआधी भिंत ओलसर करावीच लागते, कारण आतल्या सिमेंटला पकडायला पाणी हवं. कोरड्या भिंतीने ते शोषून घेतलं की हात फिरवल्यावर पिठासारखी पूड निघते, हीच खूण. पहिला हात खालून वर, तो सुकल्यावर दुसरा, रात्रभर थांबून बारीक पॉलिश पेपर, मग प्रायमर. माल दोन-तीन तासांत संपेल इतकाच कालवायचा. पेंटर लोक सकाळीच बादली भरून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत पाणी घालत राहतात, तिकडे लक्ष ठेवा.

त्यानंतर बरेच पावसाळे गेले, भिंतीला फुगा नाही. साडू मात्र दर गणपतीला संध्याकाळी दिवा लावताना त्या भिंतीकडे बघून म्हणतात, "लहर दिसते हो." दिसते. खिडकीतून तिरपा उजेड आला की दोन मिलिमीटरची लहर दिसते, आणि तिरप्या उजेडात ती कुठल्याही पुट्टीच्या भिंतीला दिसेल. तुम्हालाही ती खटकणार असेल तर रंगाआधी रात्री भिंतीलगत बल्ब धरून बघा आणि तेव्हाच खुणा करून घ्या. चकचकीत रंग लावू नका, मॅट लावा, निम्मी लहर तिथेच मरते. लहर असलेली कोरडी भिंत आणि सरळ असलेली बुरशीची भिंत यांतलं काय हवं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

तर तुमच्या घरात खोली-खोलीचा निर्णय वेगळा घ्या. बाहेरची भिंत, न्हाणीघराला किंवा मोरीला लागून असलेली भिंत, जमिनीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा इथे पीओपी नाही. आतल्या कोरड्या भिंतीला फट जास्त असेल तर खुशाल पीओपी करा, फक्त त्यात सिमेंट मिसळू देऊ नका. त्यावर मग सिमेंटची पुट्टी नको, प्रायमर मारून लागलीच तर तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी लावा. भिंत कोरडी आहे की नाही याचा संशय असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. हे पावसाळ्यात करा. मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

दोन गोष्टी राहिल्या. पुट्टी ओल थांबवत नाही, फक्त ओलीत टिकते, तीही मर्यादेत. आमच्या त्याच भिंतीला फरशीलगत वीतभर पट्ट्यात दर दोन-तीन वर्षांनी पांढरा खार फुटतो आणि पुट्टीचे पोपडे निघतात, कारण तिथलं पाणी पायातून वर चढतं आणि त्याला वरून काहीही लावलं तरी उपयोग नाही. आणि स्वस्त काय, याचं उत्तर पट्टीखालच्या फटीवर आहे: कमी फटीला पुट्टी, जास्त फटीला कोरड्या जागी पीओपी, ओल्या जागी सिमेंटचा थर आणि वर पुट्टी. मजुरीचे दर गावागणिक वेगळे आहेत. ते ठरवताना पीओपी किती जाडीपर्यंत त्याच दरात, हे आधी बोलून घ्या. साडूंच्या कारागिराने आमच्याकडून जादा जाडीचे पैसे शेवटी वेगळे घेतले होते.