छेना, पनीर आणि खवा यांत नेमका फरक काय? कोणत्या मिठाईला काय लागतं?

छेना आणि पनीर दोन्ही दूध फाडून होतात, खवा नुसता आटवून. म्हणून खव्यात आंबट काही पडत नाही. पेढे, बर्फी, गुलाबजाम खव्याचे, रसगुल्ला, रसमलाई आणि संदेश छेन्याचे, आणि पनीर भाजीत घाला. मिठाईत नको, असं माझं ठाम मत आहे, त्याला कारण आहे.

सहा वर्षांपूर्वी पाडव्याला आमच्या जाऊबाई डेअरीतून अर्धा किलो पनीर घेऊन आल्या. ‘‘छेना म्हणजे काय गं, ओलं पनीरच ना? कर रसगुल्ले.’’ मी बिचारी मळत बसले. कितीही मळलं तरी हाताला रवाळच लागत होतं आणि गोळ्यांना भेगा जात होत्या. पाकात पंधरा मिनिटं उकळूनही ते फुगले नाहीत. पुतण्याने एक फरशीवर टाकला तर टप्पा घेऊन परत वर आला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाक बिघडला.’’ तो ठपका अजून माझ्यावरच आहे.

पाक ठीक होता हो! एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. घोळ पनीरचा होता. ते बहुतेक म्हशीच्या दुधाचं असतं, गरम असतानाच वजनाखाली दाबतात, मग गार पाण्यात टाकतात. एकदा असं घट्ट बसलं की मळून मऊ होत नाही, आणि पाक आत शिरत नाही.

छेन्याला गाईचं दूध घ्या. एक लिटर उकळून गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा. दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. हिरवट पाणी सुटलं की थांबा, उगाच जास्त लिंबू पिळू नका, छेना चिवट होतो. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा, अर्धा-पाऊण तास टांगून ठेवा. वजन अजिबात नको. मग तळहाताच्या टाचेने आठ-दहा मिनिटं मळा, हाताला किंचित तूप लागल्यासारखं झालं की पुरे. आधी एकच गोळा उकळत्या पाकात सोडून बघा. विरघळला तर छेना ओला आहे, अजून टांगा. भेगा पडल्या तर कोरडा झालाय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

खव्याचं राहिलंच. तो म्हशीच्या दुधाचा चांगला, लिटरला साधारण दोनशे ग्रॅम पडतो. पेढ्याला कोरडा, घट्ट घ्या आणि गुलाबजामला ओलसर, चिकट. दुकानदाराला कशासाठी हवाय ते सांगितलं की तो बरोबर देतो. कलाकंद मात्र मधलाच प्रकार, दूध आटवताना थोडंसं फाडतात, म्हणून दाणेदार. बंगाली पांतुआत छेना आणि खवा दोन्ही असतात, तेव्हा वरची वाटणी अगदी दगडावरची रेघ समजू नका.

आणि जाऊबाई, हे वाचत असाल तर यंदा दूध मी आणते.