पाठ थोपटून कफ सुटतो का? कुणाचा, आणि कसा

"चार वर्षांच्या मुलीला सर्दीनंतर ओला खोकला आहे, छातीत खरखर ऐकू येते. सासूबाईंना (वय ६५) जुन्या टीबीनंतर डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ब्राँकिएक्टॅसिस सांगितलाय, रोज कफ पडतो. दोघींची पाठ थोपटली तर चालेल का? कशी थोपटायची?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, टीबीनंतरचे असे रुग्ण नेहमी बघते. दोघींचं उत्तर वेगवेगळं आहे. खरी गरज सासूबाईंना आहे, म्हणून आधी त्यांचं सांगते.

टीबी बरा झाला तरी त्या भागातल्या श्वासनलिका सैल आणि रुंद झालेल्या असतात. कफ वर ढकलण्याची त्यांची स्वतःची ताकद गेलेली असते, म्हणून तो तिथेच साचतो आणि पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. थोपटण्याने हा कफ फार तर हलतो. तो बाहेर येतो कुशीवर झोपणं, दीर्घ श्वास आणि हफ, म्हणजे तोंड उघडं ठेवून हवा बाहेर टाकणं, यांमुळे, त्यामुळे सगळा भर थोपटण्यावर ठेवू नका.

जो भाग भरलाय तो वर यायला हवा. त्यांचा डावा भाग आहे, तेव्हा त्यांना उजव्या कुशीवर झोपवा. डोक्याखाली एक उशी, गुडघे थोडे दुमडलेले. जुन्या पद्धतीत पायाकडची बाजू उंच करून डोकं खाली ठेवत. घरी ते नको. बीपी, हृदयाचा त्रास किंवा आम्लपित्त असेल तर त्याने अपायच होतो, आणि सपाट कुशीवरही काम होतं. वेळ सकाळची, उपाशीपोटी. संध्याकाळी करायचं तर जेवणाआधी, किंवा खाऊन दोन तास झाल्यावर. श्वासनलिका मोकळी करणारा पंप दिला असेल तर तो आधी घ्यायचा.

मग नाकाने तीन-चार संथ, खोल श्वास. प्रत्येक श्वास वर दोन-तीन सेकंद धरायचा, सोडताना जोर नाही. या वेळी तुम्ही थोपटू शकता. बोटं जुळवून तळवा द्रोणासारखा खोलगट करा, मनगट सैल ठेवा, अंगावर पातळ कपडा असू द्या. खांद्याच्या फऱ्याच्या खालपासून शेवटच्या बरगड्यांच्या वरपर्यंत, पाठ आणि कूस एवढीच जागा. मणका, छातीचं मधलं हाड, स्तन आणि कंबर टाळायची. आवाज पोकळ, 'पोक पोक' असा यायला हवा. 'चट' असा आला तर तळवा सपाट झालाय. दुखलं किंवा कातडी लाल झाली तर जोर जास्त होतोय. तीन ते पाच मिनिटं पुरेत.

पण एक आधी बघा: या वयात बायकांची हाडं ठिसूळ असणं नेहमीचं आहे. तसं निदान झालेलं असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कफात रक्त दिसत असेल तर थोपटूच नका. ज्यांना स्वतः हफ करता येतो त्यांचं थोपटण्यावाचून फारसं अडत नाही.

हफ म्हणजे तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करत हवा बाहेर टाकणं, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ. त्याने खोलवरचा कफ वर सरकतो. घशाजवळ खरखर जाणवली की खोल श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ, मग एक खोकला आणि कफ थुंकून टाकायचा. एक-दोन हफ झाले की थोडा वेळ साधा श्वास, नाहीतर दम लागतो आणि छातीत शिट्टी वाजायला लागते. असं चक्र दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. लागोपाठ दोन हफ कोरडे आले की त्या वेळेपुरतं थांबा. कफ एकदम वाढला, रंग गडद झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, आणि टीबीसाठी कफ पुन्हा तपासायचा का तेही विचारा.

आता मुलगी. सर्दीनंतरचा ओला खोकला बहुतेक वेळा आपोआप जातो, थोपटल्याने तो लवकर बरा होतो असं नाही. तिला आवडत असेल तर मांडीवर पुढे झुकवून बसवा आणि हलक्या हाताने थोपटा, त्यात वावगं नाही. पण साबणाचे फुगे फुंकणं, पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढणं, धावणं आणि हसणं यांनी जास्त काम होतं, कारण त्यात ती स्वतः खोल श्वास घेते. या वयात मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. तो शौचातून जातो किंवा एखादी उलटी होते, त्याची काळजी नको. तान्ह्या बाळाला मात्र कुणी प्रत्यक्ष शिकवल्याशिवाय थोपटू नये.

श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो दम्याचा प्रकार असू शकतो. तेव्हा थोपटणं बंद. ती शांत किंवा झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर त्याच वेळी दवाखान्यात न्या. आणि तसं काही नसलं तरी ओला खोकला चार आठवड्यांपुढे रोज राहिला, तर बालरोगतज्ज्ञांकडून छाती तपासून घ्या.